दोन म्हणजे किती

निपाणीच्या पारमिता सिस्टरना बेळगावच्या दवाखान्यात एकवीस वर्षं झाली, पण त्यांनी कुणाला झुकतं माप दिलं असं कुणाला म्हणता आलं नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि तो फुकटचा नव्हता. त्यांच्या वडिलांना, आण्णाप्पांना, लहानपणी चहाच्या हॉटेलात कप वेगळा मिळायचा. "नियम सगळ्यास्नी सारखा, म्हणून तू इथं उभी हाईस," असं ते म्हणायचे. अशा घरातली बाई नियम हसण्यावारी कशी नेणार?

वॉर्डातला नियम साधा. दुखणं शून्य ते दहा आकड्यांत विचारायचं. चार किंवा वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं.

मार्चमध्ये त्यांची आई, यल्लव्वा, आतड्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याच वॉर्डात आली. तिसऱ्या दिवशी पारमितांनी विचारलं, तर आई म्हणाली, "दोन." हात मोडला तेव्हाही "जरा लागलंय" म्हणत भाकऱ्या थापणारी ही बाई. पारमितांना ते दोन खरं वाटलं नाही. पण माझी आई म्हणून वेगळं बघायचं, तर शेजारच्या खाटेवरच्या बाईनं काय घोडं मारलंय? त्यांनी दोन लिहिलं आणि पुढं गेल्या. आत टाका सुटला होता. दोन दिवसांत आई गेली. कागद तपासले, एकही चूक निघाली नाही. पारमिता रडल्या नाहीत. दहाव्या दिवशी कामावर आल्या. जेवायच्या, झोपायच्या, आमटीत मीठ आहे की नाही तेवढं कळत नव्हतं.

जूनमध्ये खानापूरकडच्या रुक्माबाईंचं तेच ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्याही म्हणाल्या, "दोन."

पारमितांनी पेन ठेवलं, स्टूल ओढलं. "आक्का, आत्ता घरात असतासा तर काय केलं असतंसा?"

"काय करतीय? कूस बी बदलवंना."

"मग दोनच का म्हणालासा?"

"लई म्हटलं तर पोरगी कामावर जायाची न्हाई."

पोट कडक लागलं, नाडी एकशे वीस. पारमितांनी आकडा दोनच ठेवला, त्याखाली रुक्माबाईंचे शब्द, पोट, नाडी सगळं लिहिलं आणि डॉक्टरांना खाटेपाशी आणलं. रुक्माबाई वाचल्या. पण या धावपळीत सात नंबरच्या खाटेवरच्या आजींचं सलाईन संपून गेलं होतं. त्यांनी तक्रार केली, आणि ती खरी होती. सगळ्यांना सारखं द्यायचं तर प्रत्येक खाटेपाशी स्टूल ओढायला हवं. खाटा सोळा, सिस्टर एक. हे गणित पारमितांना सुटलं नाही.

घरी जाताना रुक्माबाईंच्या मुलीनं, मंगलनं, त्यांचे हात धरले. "सिस्टर, सोताच्या आईगत बघितलंसा."

"न्हाय गं," पारमिता म्हणाल्या. "आईला मी परक्या बाईगत बघितलं."