विहीणबाई आणि न उघडणारा कुकर

लेकीच्या सासरचे पहिल्यांदाच जेवायला येणार म्हटल्यावर मी घरात जाहीर केलं, "आज मटण माझं. स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकायचं न्हाय." माझ्या तांबड्या रश्श्याच्या वासानं पन्हाळ्यावरचे पर्यटक जेवण सोडून खाली उतरतात, अशी माझी कीर्ती आहे. ती मीच पसरवली.

मटण शिजलं. तांबडा असो की पांढरा, दोन्ही रश्श्यांचा जीव अळणीत, म्हणजे मटण शिजल्याच्या पाण्यात. आणि ती अळणी कुकरात. पाहुणे शिरोलीच्या नाक्यावर आल्याचा फोन आला. घाईनं मी कुकर, शिट्टीसकट, नळाखाली धरला. गार झाला. दांडा फिरवला, तर ढिम्म!

मग मी तो मांड्यांत धरला. पंचा गुंडाळून ओढला. तालमीतले उरलेसुरले सगळे डाव टाकले. कुकर चितपट होईना, माझी मात्र पाठ धरली. बायको बाहेरच्या खोलीत कांदा सोलत होती. "अवो, येऊ का आत?" तिनं गोड आवाजात विचारलं.

"गरज न्हाय!" मी जमिनीवरून ओरडलो.

तेवढ्यात दारात विहीणबाई. कुकर माझ्या पोटावर, पाय भिंतीला.

"पावणं, व्यायाम चाललाय व्हय?"

"झाकण अडकलंय. वाफ कवाच गेली हो."

"शिट्टी उचलून बघितली?"

"वाफच न्हाय तर उचलायची कशाला?"

"वाफ न्हाय म्हणूनच उचलायची. आत गार झालं की कुकर हवा ओढतो, अन् शिट्टी बसली असली की ती येणार कुठनं? झाकण दाबून बसतंय."

त्यांनी आधी दांडा न हलवता चमच्यानं शिट्टी उचलली. बाहेर काही आलं नाही. सुस्स करून हवा आत गेली. दांडा बोटभर सरकला आणि पुन्हा थांबला.

"रबर फुगलंय," त्या म्हणाल्या. "किती वर्सांचं?"

"लग्नातलं," बायको दारातून म्हणाली. परवानगी न विचारता.

विहीणबाईंनी शिट्टी बाजूला काढून ठेवली आणि कुकर मंद आचेवर ठेवला. "शिट्टी लावून तापवायचं न्हाय, आं. दाब धरला की भलतंच व्हायचं." बारीक वाफ दिसू लागल्यावर गॅस बंद. वाफ पूर्ण थांबेपर्यंत त्या हात बांधून उभ्या. मग तोंड बाजूला करून दोन बोटांनी दांडा फिरवला. झाकण निघालं.

दोन बोटांनी! माझी अख्खी मांडी लागली होती.

जेवताना व्याह्यांनी पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी संपवली. "काय चव हो! हाताला ताकद पाहिजे याला."

विहीणबाईंनी भाकरी मोडत माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलायला याहून सुरक्षित जागा आयुष्यात मिळाली नसती, आणि मी तोंडही उघडलं होतं.

"कुकर विहीणबाईंनी उघडला," मी म्हणालो.

बायकोच्या हातातली पळी थांबली. मग तिनं मी न मागताच मला रश्श्याची आणखी एक वाटी वाढली.