त्रेपन्न गुंठे

साठच्या दशकात, कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत, मी पालघरच्या एका मोजणीदाराच्या हाताखाली काम शिकत होतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला गणित येतंच, असं सगळे धरून चालत. मीही तसंच धरलं होतं.

घिवलीच्या एका आजोबांना आपलं शेत पुतण्याला देऊन त्याच्याकडून तेवढीच जमीन घ्यायची होती. आम्ही जो आकडा लिहू, तेवढीच त्यांना मिळणार होती.

पाच कोपऱ्यांच्या नोंदी झाल्या. प्रत्येक कोपरा पहिल्या दगडापासून पूर्वेला किती फूट आणि उत्तरेला किती, हे काढून झालं. क्षेत्रफळ मात्र मोजणीदार साहेबांनी माझ्यावर सोपवलं. एका कोपऱ्याची पूर्व गुणिले पुढच्याची उत्तर, त्यातून पुढच्याची पूर्व गुणिले याची उत्तर वजा. असं करत पहिल्या कोपऱ्यापर्यंत परत यायचं, सगळ्याची बेरीज, तिची निम्मी.

चौरस फुटांचे गुंठे केल्यावर उत्तर आलं त्रेपन्न गुंठे. एक एकर तेरा.

"दोन एकराच्या वर हाय रे पोरा," आजोबा म्हणाले.

मी पुन्हा केलं. त्रेपन्न. तिसऱ्यांदा केलं. त्रेपन्नच! घाम ठिबकून ठिबकून कागद ओला झाला.

"साहेब, गुणाकार बरोबर आहेत हो!"

"मग मला कशाला विचारतोस?" साहेब बिडी पेटवत म्हणाले. "आजोबांना विचार."

मला रागच आला. ज्यांना सही येत नाही, त्यांना मी काय विचारणार?

आजोबा उठले. "चल माज्यासंगं. तुजा कागद घे."

आम्ही बांधावरून निघालो. पहिला दगड, दुसरा. दुसऱ्यावर उभा राहून मी कागद पाहिला आणि शेताच्या पलीकडे बोट केलं. "आता तिकडे."

"तिकडं? बांध काय हवेतून जातो? तू पाखरू हायस, आमी नाय."

तेव्हा मला सकाळचं आठवलं. पुढच्या दगडाशी तेव्हा एक बैल बांधलेला होता. कोपऱ्यावर मोजणीची काठी धरणारा गडी त्याला घाबरून आधी त्यापुढच्या कोपऱ्यावर गेला, मग बैल हलवल्यावर मागे आला. त्याने हाक दिली त्या क्रमाने मी कोपरे लिहिले होते. माझ्या कागदावर हद्द स्वतःलाच छेदून पलीकडे गेली होती, आणि एक भाग दुसऱ्यातून वजा होत होता.

बांधावर बसूनच तिसऱ्या आणि चौथ्या कोपऱ्याची अदलाबदल केली. पंचाण्णव गुंठे. दोन एकर पंधरा.

"बेचाळीस गुंठे तुज्या बैलानं खाल्ले असते," आजोबा म्हणाले.

"बैल तुमचाच आहे, आजोबा," मी कसंबसं म्हणालो.

ते हसले नाहीत. उरलेले तिन्ही दगड त्यांनी मला हात लावून दाखवायला लावले आणि मगच कागदावर अंगठा उठवला.