नॉर्मलच्या आतला आकडा

मी चिडकी बाई आहे, हे हिंगोलीच्या आमच्या सरकारी दवाखान्यात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. बाळंतपणाची ओपीडी सांभाळणाऱ्या डॉक्टरणीला गोड बोलत बसणं परवडत नाही. पण त्या दिवशी मी चिडले नव्हते, हे आधीच सांगते.

कळमनुरीकडच्या एका तांड्यावरची ती पोरगी, पाचव्या महिन्यात, सासूबरोबर आली. पहिलं लेकरू पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला सासूने स्वतः बाहेरच्या लॅबमधून रक्त तपासून आणलं होतं. आमच्याकडे रिपोर्ट वाचायची एक रीतच पडली आहे. अक्षरओळख असो नसो, आकड्याशेजारी चांदणी छापलीय का तेवढं बघायचं. चांदणी म्हणजे बिघाड. हिच्या कागदावर एकही नव्हती, त्यामुळे सासू खुशीत होती.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो कचरा, होतं एक. एरवी कुणाही माणसाला चालेल असा आकडा. पण गरोदरपणात मूत्रपिंडांकडे रक्ताचा लोंढा वाढतो, ती नेहमीच्या जवळजवळ दीडपट गाळतात, आणि रक्तातलं क्रिएटिनिन उतरून अर्ध्या पॉइंटाच्या आसपास येतं. मशीन मात्र सगळ्यांना एकच हद्द लावतं. म्हणजे धडधाकट गरोदर बाईच्या आकड्याला ‘कमी’ म्हणून चांदणी बसते आणि ती बिचारी रडत येते, अन् जिची मूत्रपिंडं थकलीत तिचा कागद स्वच्छ!

लघवीची पट्टी हिरवीगार झाली, म्हणजे प्रथिनं गळत होती. बीपीही चढं. मी सासूला म्हटलं, मावशी, हा आकडा वाईट आहे, दोघांचा स्वयंपाक आहे अन् हिची चूल एकट्यापुरतीच पेटून राहिली. तिला नांदेडला किडनीच्या डॉक्टरकडे न्या. बीपीच्या गोळ्या दिल्या, चिठ्ठी दिली. पोरगी पोटावरचा पदर सारखा करत राहिली.

ते नांदेडला गेले नाहीत. बाहेरच्या एका डॉक्टरला कागद दाखवला. तो म्हणाला, सगळं नॉर्मल आहे, पायाला सूज येतेच, दम लागतोच. यातलं खोटं तरी काय होतं? येतेच सूज. लागतोच दम, कारण पोटुशी बाई श्वासच खोल घेते. खरं बोलूनही माणूस मारता येतो, हे मी तेव्हा शिकले. गोळ्याही मग बंद झाल्या.

सातव्या महिन्यात तिला जीपमधून आणलं. आडवं होता येत नव्हतं, बसल्या बसल्या धापा टाकत होती. बीपी आभाळाला भिडलेलं, फुप्फुसांत पाणी. मनगटातून रक्त काढून त्यातले वायू तपासले. कार्बन डायऑक्साइड चाळीस, म्हणजे एरवी अगदी बरोबर. पण गरोदर बाईचा तो तिसाच्या आसपास असतो, आणि इतक्या जोरात धापा टाकणाऱ्या बाईचा तर श्वासाबरोबर बाहेर पडून त्याच्याही खाली जायला हवा. चाळीसचा अर्थ एकच होता, छाती थकली आहे. नवऱ्याने माझ्या हातातल्या कागदात डोकावून बघितलं, त्या आकड्याशेजारी चांदणी नव्हती, आणि त्याचा चेहरा निवळला.

ती तुटक तुटक म्हणाली, “म्याडम, कागद तर बराबर होता ना माहा?”

मी तिच्या घशात श्वासाची नळी घातली, बीपी उतरवायचं इंजेक्शन दिलं, मिळेल त्या अँब्युलन्समध्ये घालून स्वतः बरोबर निघाले. नांदेड यायच्या आत ती गेली. लेकराचे ठोके त्याच्या आधीच थांबले होते. परतीच्या वाटेवर मी ढसाढसा रडले, आणि ड्रायव्हरने गाडीतला रेडिओ बंद केला.

यंदा तीच सासू धाकट्या सुनेला घेऊन आली. पोरगी ठणठणीत, बीपी छान, पट्टी पिवळीच. क्रिएटिनिन शून्य पॉइंट पाच. मशीनने अर्थातच ‘कमी’ म्हणून शेजारी चांदणी छापलेली. मला इतकं बरं वाटलं की मी हसलेच. म्हटलं, मावशी, असाच पाहिजे आकडा, देवाच्या दयेने सगळं ठीक आहे.

सासू हसली नाही. सुनेचा हात घट्ट धरून ती उठली.

“मोठीच्या येळी चांगलं होतं तवा वाईट म्हनल्या. आता वाईट हाय, तर चांगलं म्हनून राहिल्या. न्हाई म्याडम, ह्या पोरीला मी तुमच्या हाती न्हाई देत.”

मी दारापर्यंत मागे गेले, हाका मारल्या. ती वळलीसुद्धा नाही. सून मात्र वळून वळून माझ्याकडे बघत होती, घाबरून.