कुलूप लागलेलं कार्ड

ऐंशीच्या दशकात वर्ध्याच्या टेलिफोन कचेरीत मी तक्रारींची कार्डे लावून देत असे. आठ ते चारच्या पाळीत आमचा लाइनमन सायकलवर सहा ठिकाणे करायचा. सायकल कमी चालवावी लागावी म्हणून मी कार्डे अंतराप्रमाणे लावायचो. शहराबाहेरच्या नालवाडीची तिन्ही सकाळीच एकदम, मग शहरातली.

नालवाडीतल्या एका भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे कार्ड दोन दिवस ‘घराला कुलूप’ असा शेरा घेऊन परत आले. त्याची मुलगी बाळंतपणासाठी नागपूरच्या दवाखान्यात होती आणि निरोप त्याच बंद फोनवर यायचा होता.

“बाबूजी, सायकल तं वाचली,” लाइनमन म्हणाला, “पन कुलपाले काय विचारू? तो सकाळी बाजारात राह्यते, बारा ते दोन घरी, मंग वावरात.”

तिसऱ्या दिवशी मी प्रत्येक कार्डावर माणूस भेटण्याची वेळ लिहिली. शहरातली शाळा आणि तिच्याजवळचे दुकान अकराच्या आत, बाराला नालवाडी आणि तिथे शेतकरी पहिला, बँक गर्दी ओसरल्यावर दोननंतर. अंतर मोजून पाहिले, जेमतेम एक किलोमीटर वाढले होते.

साडेबाराला लाइनमनने लाइन जोडल्याचे कळवले. खात्री करायला मी तो नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला शेतकऱ्याने उचलला.

“कोन, नागपूर?”

“नाही, टेलिफोन कचेरी. आवाज येतो ना?”

“येते ना बाबूजी. आता ठेवा लवकर, नागपूरचा फोन येनार हाय.”

मी लगेच ठेवला आणि कार्डावर ‘दुरुस्त’ लिहिले.