वहिनीची झोपेतली नाडी

अनसूयावहिनी नवऱ्यासाठी झुरते आहे, हे अधारताल भागातल्या आमच्या गल्लीनं एकमतानं ठरवून टाकलं होतं. श्रीरंगदादा फौजेच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या सीमेवर होता. बाबा तोफगाड्यांच्या कारखान्यात जादा पाळ्या करत होते. वहिनीची छाती धडधडायची, ब्लाउज सैल होत चालले होते. शेजारच्या बेबीमावशी म्हणायच्या, "नवरा आला की भरेल अंग." वहिनीला ते ऐकायला आवडायचं. मला मात्र संताप यायचा. दुखण्याचं कसलं कौतुक!

मी तेव्हा मेडिकलला होते. शेवटी तिला ओढतच माझ्या शिक्षिकेकडे, डॉक्टर विभावरीबाईंकडे नेलं.

"धडधड आणि रोडावणं. कशानं असेल?" बाईंनी मलाच विचारलं.

"काळजीनं."

"अच्छा, ते एक झालं. आणखी?"

मी चाचरत सांगितलं: क्षय, रक्त कमी होणं, मधुमेह, हृदयाची झडप, थायरॉईड.

"आता एकेकाच्या मागे लाग."

खोकला नाही, ताप नाही, छाती साफ. क्षय मागे पडला. पापण्या आतून लाल होत्या, म्हणजे रक्त कमी नव्हतं; लघवीत साखर नव्हती. हृदय धावत होतं, पण झडपेचा वावगा आवाज नव्हता. भूक विचारली तर वहिनी लाजली. "आधीपेक्षा जास्तच जेवून राहिली मी. अन् एवढ्या थंडीत रजई नको वाटते." बाईंनी तिचे तळवे माझ्या हातात दिले.

"काळजीचे हात सहसा गार, ओले असतात. हे?"

ओले होते, पण गरम. पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद थरथरत होता. पाण्याचा घोट घेतला तशी गळ्यातली बारीक सूज वर सरकली; थायरॉईडची गाठ गिळताना अशीच हलते.

"तरी काळजीला इतक्यात सोडू नकोस," बाई म्हणाल्या. "ही झोपली की नाडी बघ. काळजीची नाडी झोपेत शांत होते. थायरॉईडची नाही होत."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी गाढ झोपली होती. नाडी जागेपणी धावायची तशीच धावत होती. पुढे रक्ताच्या तपासणीतही थायरॉईडच निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. उशीर झाला असता तर हृदय थकलं असतं, असं बाई म्हणाल्या. मी खुशीत होते. घरी परतताना रिक्षात वहिनी रडायला लागली.

"म्हणजे मी त्यांच्यासाठी झुरत नव्हती? काहून शोधलं गं तू हे?"



लढाई संपली, दादा मात्र तिकडेच अडकला. होळीपर्यंत वहिनीचं अंग भरलं, हाताचा कंप गेला. एका दुपारी ती झोपली असताना मी सवयीनं मनगट धरलं. नाडी संथ होती. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी लॉरी थांबली. माझ्या बोटांखाली नाडी एकदम धावू लागली, वहिनीनं डोळे उघडले. दार वाजलं नाही. लॉरी पुढे निघून गेली, तरी ती कान देऊन पडून राहिली.

मग हळूच तिनं विचारलं, "प्रतिमा, ही धडधड कशाची गं?"

"ही दादाची," मी म्हटलं.