काठाचा ब्लॉक

हॉस्पिटलच्या लॅबमधल्या त्या टेक्निशियनला सगळे घड्याळबाई म्हणत, अगदी तोंडावर. ऑपरेशन थिएटरमधून फॉर्मलिनची, म्हणजे मांस टिकवणाऱ्या द्रावणाची, बरणी आली की बाई आधी आतली गाठ चिरून पुन्हा त्यात सोडायची आणि मग फोन उचलून भांडायची. शरीरातून काढली किती वाजता? फॉर्मलिनमध्ये टाकली किती वाजता? उत्तर मिळेपर्यंत ती समोरच्याला सोडत नसे.

मी तिथे पॅथॉलॉजिस्ट म्हणून नवी होते आणि स्वभावाने तापट. मला वाटलं, बाईला उगाच साहेबगिरी करायची हौस आहे. पण काम तिचं बघत राहावं असं. फॉर्मलिनमध्ये मुरलेला तुकडा अल्कोहोलमधून, मग झायलीनमधून जाऊन मेणात बसला की त्याचा काडेपेटीहून लहान ब्लॉक होतो. बाई यंत्राचं चाक फिरवायची आणि पात्यावरून मेणाची फीत उलगडत यायची, केसाहून कितीतरी पातळ. ती कोमट पाण्यावर सोडून सुरकुत्या मोडायच्या आणि खाली काच सरकवून अलगद उचलायची. मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा फितीचा चुरा झाला आणि बाई हसली नाही, हे तिचे उपकारच.

मग बारा वर्षांपूर्वीचे ब्लॉक काढून टाकायचं ठरलं. यादी लावताना कालपरवाच्या ब्लॉकांच्या खणात मला दोन फार जुने सापडले. दर वर्षी कोणीतरी ते पुढच्या खणात हलवत आलं होतं.

"बाई, हे इथे कसे?"

"राहू द्या, मॅडम."

"नियम सगळ्यांना सारखा आहे."

"ताईचे आहेत," ती म्हणाली. मी हातातली यादी खाली ठेवली.

तिच्या थोरल्या बहिणीच्या स्तनातली गाठ. शुक्रवारी अकरा वाजता काढली, पाच मिनिटांत फॉर्मलिनमध्ये पडली. वेळ अचूक होती. पण फॉर्मलिन बाहेरून आत शिरतं, तासाला जेमतेम मिलिमीटरभर, आणि जसं आत जाईल तसं आणखी सावकाश. ते पोचेपर्यंत मधला भाग कुजत राहतो. म्हणून मोठी गाठ चिरावी लागते. हे बाईला माझ्याहून जास्त माहीत होतं.

"माझा हात चालला नाही, मॅडम. लॅबमधली पोरं म्हणाली, आम्ही चिरतो. मीच त्यांना बजावलं, ताईचं आहे, कुणी हात लावायचा नाही, सोमवारी मी करते. आणि वॉर्डात तिच्या उशाशी जाऊन बसले."

सोमवारी चिरली तेव्हा गाठ बाहेरून घट्ट होती आणि आत राखाडी लगदा. बाईने दोन ब्लॉक केले, एक मधला, एक काठाचा. कॅन्सर कळायला मधलाही पुरला. हार्मोनच्या टेस्टसाठी त्या वेळच्या डॉक्टरांनी तोच निवडला, कारण त्यात गाठ जास्त होती. गाठ जवळजवळ तीन दिवस न चिरता पडली होती आणि कुजलेल्या भागात टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे बाई बोलली नाही. टेस्ट निगेटिव्ह आली. मग हार्मोन रोखणाऱ्या गोळीचा उपयोग नाही, म्हणून ती ताईला मिळाली नाही. तीन वर्षांनी आजार हाडांत उतरला आणि ताई गेली.

"खरंच निगेटिव्ह होती का, की मी तशी केली, एवढंच रोज डोक्यात असतं. पाण्यावर फीत सोडली की तो लगदा दिसतो मला."

"काठाच्या ब्लॉकवर टेस्ट का नाही केली कधी?"

"भीती वाटते."

"मग टाकून देऊ?" मी विचारलं. निर्दयपणे विचारलं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तिने काठाचा ब्लॉक चिमटीत उचलला. मग यंत्राशी जाऊन बसली. फीत तिनेच काढली, टेस्टचा रंगही तिनेच चढवला, हार्मोन धरणाऱ्या पेशींना तपकिरी करणारा. दुसऱ्या दिवशी दुपारी स्लाइड माझ्यापुढे ठेवली आणि खुर्चीच्या मागे थांबली.

मी भिंगातून पाहिलं. कडेच्या निरोगी दुधाच्या नळ्या तपकिरी, म्हणजे टेस्ट नीट झाली होती. आणि कॅन्सरच्या पेशी, एकूण एक, गडद तपकिरी.

"जुना ब्लॉक आहे, बाई. नक्की काही सांगता येत नाही."

"मॅडम, काच पुसताना खिडकीकडे धरली होती मी. नुसत्या डोळ्यांनी दिसतंय." तिचा आवाज शांत होता, त्यानेच मी जास्त घाबरले. "रिपोर्ट लिहा. ताईच्या नावाने."

मी लिहिला. पॉझिटिव्ह. सही केली. बाईने कागद ओढून घेतला आणि खाली वेळेच्या रकान्यात आपल्या नेटक्या अक्षरात भरलं: काढली, शुक्रवार, अकरा. फॉर्मलिनमध्ये, अकरा पाच. चिरली, सोमवार, नऊ वीस.

त्यापुढे उशिराच्या कारणाचा रकाना होता. तिथे पेन टेकवून ती थांबली, आणि मग लिहिलं: बहीण.