केबल काढल्यावरची अक्षरं

सोमवारी सकाळी आठ वाजता खालापूरच्या एका रोपवाटिकेत, ऑर्डर नोंदवायच्या ॲपमधली अक्षरं पुन्हा लहान झाली. ॲप मी कर्जतला बसून लिहिलं होतं. मालकीणबाई शनिवारी आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या माळ्यांना चष्म्याशिवाय वाचता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी त्यांचा फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि लाइव्ह एडिट चालू ठेवून कोडमधला अक्षरांचा आकडा वाढवला. इन्स्टॉल न करताच चालू ॲपमध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत अक्षरं मोठी झाली. त्या खूश झाल्या आणि फोन पर्समध्ये टाकून गेल्या.

"आत्ताच फोन बंद करून चालू केला, तर अक्षरं बारीक," त्या मला फोनवर सांगत होत्या. "त्यांना खालापूरची हवा मानवत नाय काय रं? नऊला माळी ऑर्डरी भरायला बसणार हायत."

शेजारी बसलेली माझी सहकारी हसली. "लाइव्ह एडिट चालू ॲपपुरतंच. बंद करून उघडलं की आधी इन्स्टॉल केलेलंच दिसतं. निदान बदल पक्के करणारं ॲप्लाय चेंजेस तरी दाबायचंस! पण साहेबांना जादू दाखवायची होती."

पाऊण तासात मी मोटारसायकलने खालापूरला पोचलो, केबल जोडली आणि रन दाबून ॲप पुन्हा इन्स्टॉल केलं.

"केबल काढ आधी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः फोन बंद करून चालू केला आणि ॲप उघडलं. अक्षरं मोठीच होती.

नऊ वाजता एका माळ्याने चष्म्याशिवाय आंब्याच्या पन्नास कलमांची ऑर्डर भरली.